ओब्राद म्हातारा होतो

व्लादेताच्या फोटोच्या दुकानात जिवंत माणसंही येत, नाही असं नाही. पण दुकान चालत होतं ते मेलेल्यांवर. गावामागच्या टेकडीवर जेवढी थडगी, तेवढ्या चिनी मातीच्या लांबट गोल चकत्या, आणि प्रत्येक चकतीवर भट्टीत भाजून पक्का केलेला एक चेहरा. वीसेक वर्षांत तिथे जो जो चेहरा लागला तो व्लादेताच्या हाताखालून गेलेला. जिवंतपणी ज्यांनी त्याला साधा रामराम केला नाही, तेही शेवटी त्याच्या भट्टीतून निघूनच टेकडी चढले.

आमच्याकडे शहाणी माणसं आपली जागा, आपला दगड आणि आपला फोटो हयातीतच लावून ठेवतात. मेल्याचं साल तेवढं कोरं ठेवायचं. पोरांच्या मागचं एक काम कमी होतं, आणि मुख्य म्हणजे आपण कसे दिसणार ते आपल्या हातात राहतं. पोरांचा काय भरवसा, लग्नातला दारू प्यायलेला फोटो लावून मोकळी होतील. व्लादेताने स्वतःची चकतीही करून गल्ल्याखालच्या खणात ठेवली होती. तीत त्याचे केस कोळशासारखे काळे होते. तसे ते डोक्यावरही होते, पण ते डब्यातल्या रंगामुळे, आणि ही गोष्ट आपल्याखेरीज कोणाला ठाऊक नाही असं साठी उलटलेल्या या माणसाला खरोखरच वाटत असे. सगळ्या गावाला ठाऊक होती.

शरद ऋतूतला मृतांचा शनिवार, म्हणजे सगळं गाव थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जातं तो दिवस, जवळ आला होता, तेव्हा एका सकाळी दोब्रिलामावशी दुकानात आली. वय चौऱ्याहत्तर, डोकं कापसासारखं पांढरं, आणि चाल अशी की दार तिने ढकललं की दारच घाबरून उघडलं ते कळू नये. आली ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली की तू मला टेकडीवर तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.

व्लादेताला काही सुधरेना. मागच्याच वर्षी त्याने मावशीची चकती करून दिली होती. मावशीचा नवरा ओब्राद, ट्रक चालवायचा, चाळीस वर्षांपूर्वी बर्फात घाटातून खाली गेला. वय अडतीस. त्याची चकती तेव्हापासून दगडावर आहे. तिच्याशेजारी मावशीने आता आपली लावून घेतली, साल कोरं ठेवून. फोटो तिनेच पसंत केला होता, चकतीही पसंत पडली होती. मग बिघडलं काय?

बिघडलं होतं ते असं. वसंतातल्या मृतांच्या शनिवारी मावशी मेणबत्ती लावत बसली होती. शेजारच्या थडग्यावर एक परगावची बाई आली. तिने दोन्ही चकत्यांकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, देवा, पोटचं पोर असं डोळ्यांदेखत जावं. मावशीने काही बोलायच्या आत ती मेलेल्यांच्या नावाने वाटायच्या, साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाची वाटी पुढे करून, आईच्या काळजाला काय होत असेल, असं म्हणत निघूनही गेली. बरं, बाई परकी म्हणून सोडून द्यावं, तर पुढच्या महिन्यात नवे पाद्रीबाबा आले आणि त्यांनी प्रार्थनेत 'ही माता आणि हिचा पुत्र' म्हणून टाकलं.

"पाच वर्षांचा संसार झाला माझा," मावशी म्हणाली. "पाच. त्यातला अर्धा तो रस्त्यावर. आणि आता नुसतं जन्मभर नाही, मेल्यावरसुद्धा त्याची आई म्हणून निजू होय मी तिथे?"

ती हे चिडून म्हणत होती, पण तिचा आवाज मध्येच चिरकला. व्लादेताच्या लक्षात आलं की ही थट्टा नाही. बाईला एकच गोष्ट हवी होती: वर येणाऱ्या जाणाऱ्याने दगडाकडे बघितलं की त्याला नवराबायको दिसली पाहिजेत.

त्याने आपली अक्कल पाजळली. म्हणाला, सोपं आहे मावशी, तुमचे केस काळे करू. एका दुपारचं काम. आणि तिचा फोटो पडद्यावर घेऊन त्याने तिच्यासमोरच चटकन करूनही दाखवले. झालं ते भलतंच. पांढऱ्या केसांत मावशीच्या सुरकुत्या निवांत बसल्या होत्या. काळ्या केसांची चौकट येताच त्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या. भुवया पांढऱ्याच राहिल्या होत्या. पडद्यावरची बाई कोणाचा तरी टोप चोरून पळाल्यासारखी दिसत होती.

"माझे केस काही उन्हाने पांढरे नाही झाले," मावशी म्हणाली. "चाळीस हिवाळे एकटीने लाकडं फोडली. पोरगा वाढवला. त्याच्या बापाला पुरलं, बापाच्या बापाला पुरलं. ते सगळं तू एका बटणाने पुसणार? माझ्या केसांना हात लावायचा नाही. त्याचे पिकव."

"ओब्रादचे?"

"मग काय पाद्रीबाबांचे? आणि हे बघ, फक्त केस. चेहऱ्याला बोट लावायचं नाही. तो चेहरा मला पाठ आहे."

व्लादेताला हसू आलं. केस म्हणजे त्याच्या दृष्टीने काहीच नव्हे. चेहरा कठीण. डोळा जरा हलला, नाक जरा फुगलं, की माणूस परका होतो, हे तो जाणून होता. केसांचं काय? केस हे टोपीसारखे, आज ही, उद्या ती. येत्या आठवड्यात या म्हणाला. मृतांच्या शनिवारच्या आत चकती लागलीच पाहिजे, असं बजावून मावशी गेली.

ओब्रादचा जुना फोटो काळापांढरा होता, म्हणजे रंगाची भानगड नव्हती. व्लादेताने केसांभोवती सावकाश रेघ मारून ते चेहऱ्यापासून वेगळे केले, आणि सगळेच्या सगळे उजळ केले. मावशी आली, चष्मा लावला, बघितलं.

"हा गिरणीतून आला का?"

खरंच तसं दिसत होतं. केसांच्या बटाबटांमध्ये जी सावली असते, तीही उजळून गेली होती. केस राहिलेच नव्हते, पीठ राहिलं होतं. शिवाय केस पांढरे झाल्यावर चेहरा आपोआप सावळा दिसू लागला होता, जणू ओब्राद समुद्रावर सुटी घालवून आलाय. व्लादेताचा हात चेहरा थोडा उजळ करायला शिवशिवत होता, पण शब्द दिला होता. त्याने चेहऱ्यामागची मोकळी जागा गडद केली, तसा चेहरा पुन्हा ताळ्यावर आला आणि केसांची कडही मागच्या पांढऱ्यात हरवायची थांबली. मावशीला त्याने सांगितलं की आणखी एकदा या, आणि येताना ओब्रादच्या वडिलांचा फोटो आणा. केस पिकण्याची चाल घराण्यात असते. बाप जसा पिकला तसाच मुलगा पिकला असता.

मावशीने नाक मुरडलं. सासरा तानासिये हा तिचा जुना दुखरा दात. मुलगा गेल्यावर बारा वर्षं तो सुनेकडेच राहिला आणि रोज तिच्या सूपमध्ये मीठ कमी आहे हे सांगत राहिला. मरताना त्याने पाद्रीला बोलावलं आणि सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी शेवटचं बोलणार. तर तो म्हणाला, मीठ. पण फोटो तिने आणून दिला.

आता व्लादेता हट्टाला पेटला. तानासियेच्या दोन्ही कानशिलांवर पांढरे पट्टे होते आणि कपाळावरचा झुपका मात्र काळाभोर. त्याने ते जसंच्या तसं ओब्रादच्या डोक्यावर बसवलं. या वेळी घाई केली नाही. बारीक कुंचल्याने एकेक केस, मुळापासून टोकाकडे, केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने. मधली सावली शाबूत ठेवली. भुवयांतही चारदोन केस उजळले, नाहीतर वरचे पिकलेले केस टोपीसारखे वेगळे पडतात. गालावरच्या खुंटांनाही थोडी राख फासली. काम इतकं सुरेख झालं की त्याने एकट्यानेच राकिया दारूचा एक पेला घेतला. आता भट्टीत घालू म्हणाला, पण नशीब, घातलं नाही. भट्टीतून एकदा चकती भाजून निघाली की तिच्यावरचा केस ब्रह्मदेवालाही काळा करता येत नाही.

मावशी आली. पडद्याकडे पाहिलं आणि अशी मागे सरली की खुर्ची कलंडली.

"सासऱ्याला कशाला आणून बसवलास माझ्या शेजारी?"

व्लादेताला ती थट्टा वाटली. पण मावशी खुर्ची उचलायचंही विसरली होती. ती म्हणाली की हा आत्ता तोंड उघडेल आणि मीठ मागेल. जन्मभर ज्याचं ऐकलं त्याच्याच कुशीत आता कायमचं निजायचं का, असं तिने विचारलं. त्यापेक्षा आई म्हणून निजणं परवडलं.

आता व्लादेताही इरेला पडला. त्याने जुना फोटो आणि नवा फोटो एकावर एक ठेवले आणि बटण दाबत एकदा हा, एकदा तो असं दाखवायला लागला. केस पांढरे, केस काळे, केस पांढरे, केस काळे. डोळे हलत नव्हते. नाक हलत नव्हतं. डाव्या गालावरचा तीळ होता तिथेच होता.

"बघा मावशी. चेहऱ्याला मी बोट लावलेलं नाही."

"बोट नाही लावलंस," मावशी म्हणाली, "तरी माणूस बदललास."

व्लादेता पडद्याकडे बघत राहिला, आणि जसजसा बघत गेला तसतसा त्यालाही तानासिये दिसायला लागला. नाक ओब्रादचं, डोळे ओब्रादचे, पण बघणारा माणूस म्हातारा तानासिये. आयुष्यभर तो चेहरे जपत आला होता आणि केसांना टोपी म्हणत आला होता. आता टोपीच माणसाला गिळून बसली होती. त्याला फार ओशाळल्यासारखं झालं. त्याने कबूल केलं की ओब्रादचे केस कसे पिकले असते हे आता कोणी सांगू शकत नाही. अडतिसाव्या वर्षी गेलेला माणूस. त्याला पांढरा केस तरी ठाऊक होता का?

मावशी उठून गल्ल्याच्या आत आली आणि काही कळायच्या आत तिने व्लादेताचं डोकं दोन्ही हातांत धरून दिव्याखाली वाकवलं, बाजारात कलिंगड तपासावं तसं.

"इथे," ती म्हणाली आणि त्याच्या डाव्या कानाच्या वर, जरा मागे, बोट टेकवलं. "पहिला इथे आला. मग त्याच्या भोवती. तिथून वर, भांगाच्या कडेने, अशी वाट. मग इथे भोवऱ्यात. उजवीकडे एकही नव्हता. तो म्हणायचा, ट्रक चालवणारा डावीकडे बसतो, खिडकीचा वारा डावीकडूनच लागतो, म्हणून."

व्लादेता वाकल्या मानेनेच विचारत होता की हे तुम्हाला कसं माहीत. मावशी सांगत होती. रविवारी ओब्राद घरी असला की स्वयंपाकघराच्या पायरीवर तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचा, आणि ती चिमट्याने एकेक पांढरा केस उपटायची. एवढा ढाण्या गडी, पण पांढऱ्या केसाला भ्यायचा. बाप लवकर पिकला, मी तसा नको, म्हणायचा. एक उपटला की त्याच्या मयताला सात येतात, असं ती चिडवायची, आणि तो डोळे मिटूनच तिचा हात धरून पुन्हा केसांत ठेवायचा. ट्रकच्या परवान्यासाठी हा फोटो काढायचा होता, त्या दिवशी उपटायला वेळ नव्हता. तिने अक्रोडाचं कवच जाळून, त्याची काजळी तेलात कालवून कानावर चोपडली होती.

एवढं सांगून तिने हात मागे घेतला आणि आपलं बोट बघितलं. बोट काळं झालं होतं.

"हे काय रे? बुटाचं पॉलिश?"

व्लादेता कानापर्यंत लाल झाला. मावशी बोट हातरुमालाला पुसत म्हणाली की तू कोणापासून लपवतोस, तुझं उपटायला तर कोणी नाही. पण ते तिने दुष्टपणे म्हटलं नव्हतं, आणि व्लादेताला ऐकून घेण्याखेरीज गत्यंतरही नव्हतं.

त्याने जुना फोटो मोठा केला. डाव्या कानाच्या वर केसाकेसातली रेघ एकदम संपत होती आणि एक सपाट काळा डाग सुरू होत होता. इतके दिवस हा छपाईचा दोष आहे असंच तो समजत आला होता. म्हणजे जो फोटो चाळीस वर्षं टेकडीवर तरुण म्हणून मिरवत होता, तोही मुळात काळा केलेलाच होता. डाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते आता त्याला काच पुसल्यासारखं दिसत होतं. बायकोच्या बोटाचा मागच होता तो.

मग त्याने त्या डागापासूनच सुरुवात केली. मावशी शेजारी खुर्ची ओढून बसली. तो केस काढायचा, ती सांगायची. इथे जास्त. अरे, एवढे नकोत, सावकाश येत होते ते. आता वर चल. उजवी बाजू? उजवी बाजू उशिरा पिकली असती, ती म्हणाली, साठीनंतर, माझं ऐक. भोवऱ्यात थोडे दाट. कपाळावर शिंपडल्यासारखे. पंचावन्नाव्या वर्षी तो आजारी पडला असता, तेव्हा जरा जास्त आले असते, तेही घाल. व्लादेताने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती पडद्यावरून नजर काढत नव्हती. बाहेर बाजार उठला, शेजारच्या बेकरीवाल्याने फळ्या लावल्या, तरी ती त्याला एकेक वर्ष सांगतच होती. शेवटी भुवयांत दोनचार, खुंटांत थोडी राख, आणि व्लादेताने हात काढून घेतला.

पडद्यावर एक माणूस होता. डावीकडून पिकत आलेला, थोडा थकलेला, थट्टेखोर. चेहरा तोच, जरासुद्धा हललेला नाही. आणि तानासियेचा मागमूस नव्हता.

मावशी हसली. मग हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता त्याला शिव्या देऊ लागली, म्हणजे ओब्रादला, की एवढा वेळ कुठे होतास, लाकडं कोणी फोडायची. व्लादेताने तिच्यासमोर राकिया ठेवली आणि स्वतः भट्टी पेटवायला गेला, कारण त्याचेही डोळे भरले होते आणि त्याला ते दाखवायचे नव्हते.

मृतांच्या शनिवारी सकाळीच तो चकती बसवायला टेकडीवर गेला. ऊन पडलं होतं, सगळीकडे मेणबत्त्यांचा आणि धुपाचा वास. त्याने जुनी चकती अलगद सोडवून मावशीच्या हातात दिली आणि नवी चिकटवून दाबून धरली. दगडावर आता दोन पिकलेली डोकी शेजारी शेजारी आली. तेव्हा तो कशीबशी अडवून ठेवलेली शंका बोलून मोकळा झाला: मावशी, खाली सालं कोरलेली आहेत. हिशेब करणारा कोणी आला तर अडतीस वर्षांचा माणूस असा पिकलेला कसा, हे विचारणारच. मावशी म्हणाली, विचारू दे.

आणि आलीच. तीच परगावची बाई, तीच गव्हाची वाटी. तिने दगडाकडे पाहिलं. या वेळी डोळ्यांना पदर लावला नाही.

"तुमचे मालक?"

"माझे मालक," मावशी म्हणाली, आणि ती हे म्हणताना इतकी ताठ बसली होती की व्लादेताला हसू दाबावं लागलं.

बाईची नजर खाली सालांवर गेली. ओठ हलले, बोटांवर वर्षं मोजली गेली. तिने पुन्हा चकतीकडे पाहिलं, पुन्हा सालांकडे. व्लादेताने खाली वाकून उगाच आपली हत्यारं आवरायला घेतली.

"पण हे तर," बाई चाचरत म्हणाली, "अडतिसाव्या वर्षीच..."

"मेला तो अडतिसाव्या वर्षी," दोब्रिलामावशी म्हणाली. "म्हातारा माझ्याबरोबर झाला."

बाईने वाटीतले गहू आधी मावशीपुढे केले, मग ओब्रादसाठी म्हणून एक मेणबत्ती लावली, आणि क्रूसाची खूण करून आपल्या माणसाच्या थडग्याकडे गेली.

मावशीने पुढे वाकून नव्या चकतीवर, डाव्या कानाच्या जरा वर, अंगठा ठेवला आणि हळूच चोळला. व्लादेता म्हणाला की मावशी, ते भाजलेलं आहे, निघायचं नाही.

"माहीत आहे रे," ती म्हणाली. "आता राहू दे."